टेनिससाठी थांबवण्याची ताकद: खांदा, मनगट आणि पाय यांचा आठ आठवड्यांचा आराखडा

सर्व्हिस मारताना चेंडूला रॅकेट लागेपर्यंतचं काम पाय, कंबर, छाती आणि पाठ यांचे मोठे स्नायू करतात. चेंडू सुटल्यावर पुढे झेपावलेला हात थांबवायचा असतो, आणि ते काम खांद्याच्या मागच्या अंगाला असलेल्या अगदी लहान स्नायूंवर येऊन पडतं. बॅकहँडला चेंडूचा धक्का कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पेलतात. कोपऱ्यातल्या चेंडूमागे धावल्यावर शरीर थांबवून परत मध्यावर आणतात ते पोटरी, मांडी आणि नितंब. हौशी खेळाडूचा खांदा, कोपर किंवा पोटरी बहुतेक वेळा दुखते ती या थांबवण्याच्या कामात. म्हणून हा सगळा आराखडा मी थांबवण्याच्या ताकदीभोवती बांधला आहे. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी पस्तीस-चाळीस मिनिटं, आणि शनिवार-रविवार सकाळी खेळ असं गृहीत धरून तो लिहिला आहे.

कोल्हापुरात व्यायामाची ओळख बहुतेकांना तालमीतून किंवा घरच्या मोठ्या माणसांकडून झालेली असते, त्यामुळे जोर-बैठका येणारे खेळाडू इथे भरपूर भेटतात. ही शिदोरी चांगलीच आहे. जोरांनी छाती, दंड आणि खांद्याचा पुढचा भाग तयार होतो, बैठकांनी मांड्या तयार होतात. टेनिसला त्यात दोन गोष्टींची भर लागते. खांद्याच्या मागच्या बाजूला ओढण्याचं आणि रोखण्याचं काम द्यावं लागतं, कारण सर्व्हिस आणि फोरहँड पुढचीच बाजू वापरून वापरून आणखी बळकट करत असतात. पायांना एका वेळी एकाच पायावर आणि आडव्या दिशेने भार घ्यायला शिकवावं लागतं. बैठकीत दोन्ही पाय शेजारी-शेजारी असतात, रंकाळ्याच्या फेऱ्या मारताना माणूस सरळ पुढे जातो, आणि कोर्टवर बरीचशी धावपळ कडेकडेने होते. रोज रंकाळ्याला दोन फेऱ्या मारणारा माणूस दम टिकवतो, पण बाजूला झेप घेऊन एका पायावर थांबताना त्याचा गुडघा आत पडतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

सामान आणि पहिल्या दिवशीची मोजणी

एक लिटरची पाण्याची बाटली, घडी घातलेला टॉवेल, अर्धा किलोची हातोडी, एक रबरी बँड आणि घराची एखादी पायरी, एवढ्यावर सगळं होतं. पाण्याने भरलेली लिटरची बाटली एक किलोची होते. तीच कोरड्या वाळूने भरली तर साधारण दीड किलोची. बँड सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळतो, तिथे सगळ्यात हलका मागायचा. नाही मिळाला तर सायकल दुरुस्तीच्या दुकानातली जुनी ट्यूब लांबीत कापून घेतली तरी चालते, मात्र ती बँडपेक्षा ताठ असते आणि कुठे चीर असेल तर ताणल्यावर तुटून तोंडावर बसू शकते. दर वेळी बांधण्याआधी ती बोटांनी चाचपून पाहावी. बँड खिडकीच्या गजाला बांधावा, दाराच्या कडीला नको.

बुटांवर मात्र खर्च करावा. धावण्याच्या बुटांचा तळ जाड आणि मऊ असतो, तो पुढे धावण्यासाठी बनवलेला असतो. बाजूला पाय रोवला की तो कडेवर कलतो आणि घोटा मुरगळतो. टेनिसच्या बुटाच्या कडा ताठ असतात आणि तळ जमिनीच्या जवळ असतो.

सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी मोजून वहीत लिहून ठेवा. पहिली, एका पायावर उभं राहून टाच पूर्ण वर उचलणं, बोटांनी भिंतीला नुसता स्पर्श ठेवून. दोन्ही पायांची संख्या वेगवेगळी लिहा. वीस-पंचवीस सहज होत असतील तर पोटरी बऱ्या स्थितीत आहे. दुसरी, पुढे सांगितलेला कुशीवरचा खांद्याचा व्यायाम भरलेल्या बाटलीने, दोन्ही हातांनी, पद्धत बिघडेपर्यंत. तिसरी, एका पायावरून बाजूला उडी मारून दुसऱ्या पायावर उतरायचं आणि दोन सेकंद न हलता थांबायचं. पाचपैकी किती वेळा जमलं ते लिहायचं. पुढे कशात किती भर घालायची हे या आकड्यांवरून ठरतं.

तीन दिवसांची वाटणी

सोमवारी खांदा आणि मनगट. शनिवार-रविवारच्या खेळाने पाय दमलेले असतात, त्यांना तो दिवस मिळतो. बुधवारी पाय आणि शेवटी मनगट, कारण पायांचं चपळतेचं काम ताज्या पायांनीच करायचं असतं. शुक्रवारी खांद्याचं हलकं काम आणि पायांचा छोटा सराव, मनगटाला पूर्ण सुट्टी. ही सुट्टी महत्त्वाची आहे. मनगटाचे स्नायू थकलेले असले की दुसऱ्या दिवशी मुठीची पकड ढिली पडते, चेंडू रॅकेटच्या मध्याला न लागता कडेला लागला की रॅकेट हातात फिरते, आणि ती पिळवटणारी ओढ थेट कोपराला जाते.

तुमचा खेळ आठवड्याच्या मधल्या दिवशी असेल तर वार बदला, पण दोन नियम धरून ठेवा. मनगटाचं जड काम आणि त्यानंतरचा खेळ यांत किमान एक दिवस मोकळा हवा, आणि एकाच दिवशी दोन्ही करावं लागलं तर आधी टेनिस, मग व्यायाम.

दर वेळी आधी पाच-सहा मिनिटं अंग गरम करा. दोरीवरच्या हलक्या उड्या किंवा जागच्या जागी चालणं, हात खांद्यातून गोल फिरवणं, बँड हलकेच दहा-बारा वेळा ओढणं. एका जागी धरून ठेवायचे लांब ताण खेळानंतरसाठी राखून ठेवा.

खांदा

खांद्याच्या सांध्याभोवती चार लहान स्नायूंचा एक गट असतो, त्याला रोटेटर कफ म्हणतात. दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीच्या मध्यभागी धरून ठेवणं हे त्याचं मुख्य काम. चारपैकी मागचे दोन दंड बाहेरच्या बाजूला फिरवतात, आणि सर्व्हिसनंतर हाताला ब्रेक लावतात तेही हेच. सर्वसाधारणपणे बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंची ताकद आत फिरवणाऱ्यांच्या निदान दोन तृतीयांश असावी असं धरतात. सर्व्हिस खूप मारणाऱ्यांत हा मेळ बिघडतो, कारण आतल्या बाजूला रोज काम मिळतं आणि बाहेरच्या बाजूला ठरवून द्यावं लागतं.

पहिला आणि सगळ्यात मोलाचा व्यायाम कुशीवर झोपून करायचा. उजव्या हाताने खेळत असाल तर डाव्या कुशीवर झोपा. उजवं कोपर काटकोनात वाकवा, कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये टॉवेलची घडी ठेवा. पहिले दोन आठवडे अर्धी भरलेली बाटली घ्या. कोपर टॉवेलवर टेकलेलं ठेवून हात छताच्या दिशेने उचला, साधारण जमिनीला समांतर होऊन थोडा वर जाईपर्यंत. उचलायला एक सेकंद, खाली आणायला तीन. बाराचा एक फेरा, असे तीन फेरे, मध्ये एक मिनिट विश्रांती. दुसऱ्या हातानेही करा, पण सुरुवात खेळायच्या हाताने.

या व्यायामात फसायला होतं ते असं. बाटली जड झाली की शरीर हळूच पाठीकडे लवंडतं आणि हात उचलल्यासारखा दिसतो. नाहीतर कोपर टॉवेलवरून सुटतं, किंवा मनगट मागे मोडून बाटली वर नेली जाते. ताण खांद्याच्या मागे, बगलेच्या जरा वर, खोलवर जाणवायला हवा. पुढच्या बाजूला टोचत असेल तर वजन कमी करा आणि हात थोडा कमी उचला. पाण्याची बाटली क्षुल्लक वाटून पाच किलोचं डंबेल उचलण्याचा मोह तगड्या माणसांना होतो. तेवढ्या वजनाला हे लहान स्नायू पुरे पडत नाहीत, मग मोठे स्नायू मध्ये घुसतात आणि ज्यांच्यासाठी व्यायाम चाललेला असतो तेच काम करत नाहीत.

दुसरा व्यायाम ओढण्याचा. बँड छातीच्या उंचीवर गजाला बांधा, दोन्ही टोकं धरून कोपरं मागे न्या आणि पाठीवरचे दोन्ही फरे, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं, एकमेकांकडे आणा. एक सेकंद थांबून तीन सेकंदांत परत सोडा. बाराचे तीन फेरे. खांदे कानांकडे चढायला लागले की बँड ताठ आहे असं समजा आणि एक पाऊल पुढे सरका.

तिसरा जोराचाच सौम्य प्रकार. हात टेबलाच्या कडेवर किंवा भिंतीवर ठेवून जोर काढा, आणि हात सरळ झाल्यावर तिथे न थांबता आणखी थोडं ढकला, पाठ किंचित वर गोल होईल इतकं. या शेवटच्या दोन इंचांत बरगड्यांवरचा एक स्नायू काम करतो, जो फऱ्याला छातीच्या पिंजऱ्यावर घट्ट धरून पुढे-वर फिरवतो. फरा वर फिरला नाही तर डोक्यावर हात नेताना खांद्यात जागा कमी पडते. दहाचे दोन फेरे. तालमीतला पूर्ण जोर, खाली झेपावून पुढे निघणारा, खांदा निरोगी असेल तर खुशाल चालू ठेवा. खांदा दुखत असताना मात्र तो बाजूला ठेवा, कारण त्यात सांध्यावर सर्वांत खालच्या स्थितीत भार येतो.

चौथा पलंगावर पालथं झोपून. हात डोक्याच्या पुढे तिरके, अंगठे छताकडे, वजन काहीच नाही. हात वर उचलून दोन सेकंद धरायचे, दहाचे दोन फेरे.

पाचव्या आठवड्यापासून यात एक बदल करा. पालथ्या व्यायामाऐवजी बँड पुढे गजाला बांधून उभे राहा, कोपर खांद्याच्या उंचीवर बाजूला ठेवा आणि हात वर मागे फिरवा, सर्व्हिसच्या वेळी रॅकेट मागे जाते तसा. मग तीन सेकंदांत सावकाश पुढे येऊ द्या. पहिल्या चार आठवड्यांत हे मुद्दाम टाळलं आहे, कारण या स्थितीत कमजोर खांदा लगेच तक्रार करतो. दहाचे दोन फेरे पुरेत. शुक्रवारी फक्त कुशीवरचा आणि ओढण्याचा व्यायाम, दोन-दोन फेरे, सोमवारपेक्षा हलक्या भाराने.

खेळून झाल्यावर खेळायचा हात छातीसमोरून आडवा घेऊन दुसऱ्या हाताने स्वतःकडे ओढा, तीस सेकंद, तीन वेळा. सर्व्हिसने खांद्याचा मागचा भाग आखडत जातो आणि हात आत फिरण्याची मर्यादा कमी होते. दोन हातांत मोठा फरक दिसू लागला तर हा ताण रोज घ्यावा.

कोपर ते मनगट

टेनिसच्या चेंडूचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असतं आणि तो तारांवर सेकंदाच्या अवघ्या चार-पाच हजारांश भागाएवढाच टिकतो. एवढ्यात मेंदूपासून हातापर्यंत निरोप पोचणं शक्य नाही. म्हणजे मनगट चेंडू लागण्याआधीच घट्ट आणि सरळ असायला हवं. ते काम हाताच्या वरच्या बाजूचे, पंजा मागे उचलणारे स्नायू करतात, आणि त्यांची मुळं कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर एकत्र येतात. टेनिस एल्बो होतो तो तिथेच. नवखा खेळाडू बॅकहँडला उशीर करतो, चेंडू लागताना त्याचं मनगट आत दुमडलेलं असतं, आणि ताणलेल्या स्थितीत तोच स्नायू झटका खातो.

बरेच जण यासाठी जुना टेनिसचा चेंडू मुठीत दाबत बसतात. त्याने मूठ मिटणारे स्नायू तयार होतात, आणि ते बहुतेकांचे आधीच पुरेसे असतात. काम उलट्या बाजूला हवं असतं.

पुढचा हात टेबलावर टेकवा, तळवा खाली, पंजा कडेच्या बाहेर. हातात अर्धी भरलेली बाटली. दुसऱ्या हाताने मदत करून पंजा वर उचला, मग मदत सोडा आणि चार सेकंद मोजत एकाच हाताने बाटली खाली जाऊ द्या. पुन्हा मदतीने वर. स्नायू लांब होत असताना भार सांभाळायला शिकवणं हा यातला मुख्य भाग आहे, म्हणून उचलायची घाई नको. बाराचे तीन फेरे. सलग दोन वेळा पंधरा-पंधरा विनासायास झाले तर पाव किलो वाढवा.

दुसरं काम हातोडीचं. उद्यमनगराच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात अर्धा किलोची हातोडी मिळते. बसून हात मांडीवर टेकवा, हातोडी उभी धरा, आणि सावकाश तळवा वर येईपर्यंत फिरवा, मग उलट तळवा खाली जाईपर्यंत. हातोडीच्या डोक्याजवळ धरली तर सोपं, दांड्याच्या टोकाला धरली तर अवघड, त्यामुळे एकाच हातोडीवर आठही आठवडे निघतात. दर आठवड्याला मूठ बोटभर मागे सरकवा. दहाचे दोन फेरे. कडेला लागलेल्या चेंडूने रॅकेट फिरू पाहते तेव्हा तिला हेच स्नायू रोखतात. पाचही बोटांभोवती जाडसर रबर अडकवून शेवटी बोटं वीस-पंचवीस वेळा फाकवा, चहा उकळेपर्यंत होतं.

व्यायामाइतकंच फळ देणारी एक सवय सांगतो. दोन फटक्यांच्या मध्ये रॅकेटचा गळा दुसऱ्या हाताने धरा आणि खेळायच्या हाताची मूठ सैल सोडा. तास-दीड तास मूठ आवळून ठेवणारा माणूस चेंडू न मारताही कोपर थकवतो. तारांचंही पाहा. पॉलिएस्टरच्या तारा ताठ असतात, त्यात ताण जास्त लावला तर धक्का हातापर्यंत येतो. कोपर कुरकुरत असेल तर मऊ तारा आणि दोन-तीन पौंड कमी ताण मागून घ्या.

पाय

एकेरीच्या कोर्टाची रुंदी ८.२३ मीटर आहे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत चार मीटरला थोडं जास्त. एवढ्या अंतरात दोन-तीन मोठी पावलं, फटका, थांबणं आणि परत येणं बसवायचं असतं. हौशी माणूस जाताना कमी पडत नाही, तो थांबताना आणि परत निघताना कमी पडतो.

बुधवारी आधी ताकद. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी टाचा वर उचला, मग एकाच पायावर तीन सेकंदांत खाली सोडा. प्रत्येक पायाला बाराचे तीन फेरे, त्यातला शेवटचा फेरा गुडघा थोडा वाकवून, म्हणजे पोटरीचा खोलवरचा स्नायूही कामाला लागतो. चाळिशीच्या आसपास पोटरी अचानक फाटण्याची दुखापत टेनिसमध्ये इतकी नेहमीची आहे की तिला टेनिस लेग असंच नाव पडलंय, म्हणून हा व्यायाम वगळू नका. मग एक पाय पुढे एक मागे ठेवून सरळ खाली बसणं, प्रत्येक पायाला आठचे तीन फेरे. त्यानंतर आडवं पाऊल: एक पाय बाजूला लांब टाका, त्याच पायावर बसा, आणि जमीन ढकलून एका झटक्यात पुन्हा उभे राहा. आठचे दोन फेरे. गुडघा पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आरशासमोर करा, नाहीतर कुणाला तरी समोरून पाहायला सांगा, स्वतःला ते कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून उड्या. उजव्या पायावरून डावीकडे उडी, डाव्या पायावर उतरायचं, दोन सेकंद पुतळ्यासारखं थांबायचं, मग परत. आधी पाऊणएक मीटर, जमल्यावर सव्वा मीटर. प्रत्येक बाजूला पाच, असे तीन फेरे. उतरताना आवाज ऐका. धप्प आवाज आला म्हणजे गुडघा आणि कंबर वाकलेली नाही आणि धक्का हाडांनी घेतला. छाती पायाच्या बाहेर झुकली तर परत निघायला एक जादा पाऊल लागतं.

मग स्प्लिट स्टेप. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूकडे येते तेव्हा छोटीशी उडी घ्यायची आणि चेंडू त्याच्या रॅकेटवरून सुटतो त्याच क्षणी चवड्यांवर उतरायचं, पाय खांद्यांपेक्षा रुंद. फार लवकर उतरलं तर पाय पुन्हा जमिनीत रुततात, उशीर झाला तर हवेत असताना चेंडू निघून जातो. सरावासाठी मित्राच्या दोन्ही हातांत एक-एक चेंडू द्या. तो खांद्याच्या उंचीवरून कुठलाही एक सोडेल. तुम्ही तीन मीटर लांब उभे. चेंडू सुटताना उडीतून उतरायचं आणि दुसऱ्यांदा टप्पा पडायच्या आत तो पकडायचा. सहा-आठ वेळा झाल्यावर थोडं मागे सरका.

शेवटी कोर्टवरची धाव. मध्यावर उभे राहा, स्प्लिट स्टेप, कडेला जा, रॅकेटने चेंडूशिवाय नुसता फटका मारा, कडेकडेने परत मध्यावर या, मग दुसरी बाजू. आठ ते दहा सेकंद पूर्ण जोर, मग पंचवीस सेकंद विश्रांती. दोन गुणांच्या मध्ये नियमाने तेवढाच वेळ मिळतो, आणि बहुतेक गुण दहा सेकंदांच्या आतच संपतात. सहा फेऱ्यांपासून सुरू करून दहापर्यंत न्या. पावलं घसरायला लागली किंवा उंच उड्या दिसायला लागल्या की तिथेच थांबा. दमलेल्या पायांनी केलेल्या फेऱ्या चुकीची पावलं पक्की करतात. कोर्ट मिळालं नाही तर मैदानावर चार मीटरवर खुणा करा. गच्चीवर करायचं असेल तर कठड्यापासून लांब आणि फरशी अगदी कोरडी असेल तरच. शुक्रवारी यातल्या फक्त स्प्लिट स्टेपच्या आणि धावेच्या तीन-चार फेऱ्या.

एका माणसाचे आठ आठवडे

आमच्या सकाळच्या गटात दुहेरी खेळणारे एक गृहस्थ आहेत, वय ४४, सहकारी बँकेत नोकरी, उजव्या हाताने खेळतात. तक्रार अशी होती की दुसऱ्या सेटमध्ये सर्व्हिस नेटमध्ये जायला लागते आणि सोमवारी सकाळी भरलेली कळशी उचलताना कोपराची बाहेरची बाजू दुखते. मोजणीत कुशीवरचा व्यायाम उजव्या हाताने ९, डाव्याने १३ निघाला. टाचा उजव्या पायावर १७, डाव्यावर १२. डाव्या पायावर उतरून थांबणं पाचपैकी दोनदाच जमलं. हा डावा पाय म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूचा सर्व्हिसनंतर उतरायचा पाय. तो डळमळला की शरीर लवकर खाली कोसळतं आणि चेंडू नेटमध्ये जातो. त्यांना वाटत होतं सगळा दोष खांद्याचा आहे.

म्हणून त्यांच्या वेळापत्रकात दोनच बदल केले. डाव्या पायाला टाचांचा एक फेरा जास्त, आणि मनगटाची सुरुवात पाव भरलेल्या बाटलीने. दुखण्यासाठी शून्य ते दहाची मोजपट्टी ठरवली. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्यायामाआधीच्या पातळीवर परत यायला हवं. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून त्यांनी मनगटाचं वजन एकदम पूर्ण बाटलीवर नेलं. मंगळवारी सकाळी चहाचा कप उचलताना दुखणं पाचवर गेलं. बुधवारी मनगटाचं काम बंद ठेवलं, पुढच्या सोमवारी अर्ध्या बाटलीवर परत आले, आणि तिथून दर आठवड्याला थोडंथोडं पाणी वाढवलं. स्कूटर चालवताना अॅक्सिलरेटरवर मनगट मागे मोडून धरायची त्यांची सवय होती, ती मूठ थोडी पुढून धरून बदलली. मनगट मागे मोडून धरणाऱ्या स्नायूंवर ऑफिसच्या येण्याजाण्यातला हा भार रोजच पडत होता.

सर्व्हिसही मोजून दिली. पहिल्या आठवड्यात पूर्ण जोराच्या तीसच, पुढे दर आठवड्याला दहाची भर. आठव्या आठवड्यात कुशीवरचा व्यायाम उजव्या हाताने १६ झाला, डाव्या पायाच्या टाचा १९, थांबणं पाचपैकी चार. कोपर कळशी उचलताना एकपर्यंत दुखतं, अजून पूर्ण गेलेलं नाही. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश सुधारतात, त्यांना तीन महिने किंवा जास्तही लागतात, म्हणून मनगटाचं काम त्यांनी पुढे चालू ठेवलं आहे. बॅकहँडला उशीर होण्याची सवय या व्यायामाने जात नाही, तिच्यासाठी ते प्रशिक्षकाकडे जातात.

पावसाळा आणि थांबायच्या खुणा

जून ते सप्टेंबर इथे कोर्ट आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. ओल्या कोर्टवर कडेकडेची धाव आणि उड्या करू नका. हेच महिने सोमवारच्या कामाला उत्तम असतात, कारण खेळ कमी असल्याने मनगट आणि खांद्याला सावरायला वेळ मिळतो. पायांची ताकद पायरीवर आणि खोलीत चालू राहते. पाऊस ओसरल्यावर पहिले दोन आठवडे सर्व्हिस निम्म्या ठेवा. दसऱ्याच्या सुमारास कोर्ट उघडली की हुरूपाने एका सकाळी शंभर सर्व्हिस मारणारे लोक दिवाळीत खांदा धरून बसलेले दिसतात.

काही खुणा दिसल्या तर हा आराखडा बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. रात्री त्या कुशीवर झोपल्यावर खांद्याच्या दुखण्याने जाग येणं. एकाएकी हात बाजूने वर उचलताच न येणं. कोपरापासून बोटांपर्यंत मुंग्या किंवा बधिरपणा. पोटरीत मागून कुणी मारल्यासारखा झटका आणि त्यानंतर चवड्यावर उभं राहता न येणं, यात टाचेची कंडरा तुटलेली असू शकते आणि त्याच दिवशी दाखवावं लागतं. पोटरी नुसती सुजून लाल आणि गरम झाली असेल तरी चोळू नका, आधी दाखवा.

आठवा आठवडा संपला की वहीतली पहिली तीन मोजमापं पुन्हा घ्या. उजव्या-डाव्यात दोन-तीनपेक्षा जास्त फरक उरला असेल तर कमजोर बाजूला एक फेरा जास्त देऊन आणखी चार आठवडे हेच चालवा. फरक मिटला असेल तर सोमवार आणि बुधवार पुरेत, शुक्रवार मोकळा सोडता येतो. कुशीवरचा खांद्याचा व्यायाम आणि पायरीवरच्या टाचा मात्र खेळ चालू आहे तोवर आठवड्यातून दोनदा ठेवायच्या.